इंग्लंडचा हुकूमनामा, पुण्याची दरखास्त

परदेशी न्यायालयात दावा जिंकलेला पक्षकार पुण्याच्या वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या हातात एक शिक्का मारलेला कागद असतो आणि 'आता वसुली कधी?' हा एकच प्रश्न असतो. त्याला खरे उत्तर द्यायचे तर तो कागद बाजूला ठेवावा लागतो. करार कसा लिहिला होता, समन्स कसे पोहोचले आणि तिकडच्या न्यायाधीशांनी पुरावा पाहिला का, हे आधी विचारावे लागते. पुण्यातली लढाई या तीन गोष्टींवर ठरते, आणि तिन्ही गोष्टी तोपर्यंत घडून गेलेल्या असतात.

खालचे उदाहरण एका प्रकरणाचे नाही. अशा कामांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभे केले आहे. आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत, कायदा मात्र जसा आहे तसा.

भोसरीतला एक कारखाना बर्मिंगहॅमच्या एका कंपनीला यंत्रात घडवलेले सुटे भाग पुरवतो. खरेदीदाराने आगाऊ रक्कम दिली, माल गेला, तपासणीत तीन खेपा नापास झाल्या. खरेदीदार पैसे परत मागतो. पुरवठादार म्हणतो की माल बरोबर होता, तपासणी चुकीची. दोघांनी सही केलेला पुरवठा करार आहे आणि त्यात दोन वाक्ये आहेत: कराराला इंग्लंडचा कायदा लागू, आणि वादाचा निर्णय फक्त इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायालयांत. पुरवठादाराच्या प्रत्येक बिलाच्या तळाशी मात्र, आपल्याकडच्या प्रत्येक बिलावर असते तशी, 'पुणे न्यायक्षेत्राच्या अधीन' अशी ओळ छापलेली आहे.

पहिला घोळ इथेच होतो. 'इंग्लंडचा कायदा लागू' या वाक्याने इंग्लंडच्या न्यायालयाला अधिकार मिळतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कोणता कायदा लावायचा हा एक प्रश्न आणि कोणत्या न्यायालयात जायचे हा दुसरा. पुण्याचे न्यायालयही इंग्लंडचा कायदा पुराव्याने सिद्ध करून घेऊन लावू शकते. करारात फक्त पहिले वाक्य असते आणि दुसरे नसते, तर खरेदीदाराची अडचण झाली असती. त्याचे कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे.

कलम १३ म्हणते की परदेशी निवाडा त्या पक्षकारांपुरता निर्णायक मानावा, पण सहा अपवादांत नाही. निवाडा सक्षम न्यायालयाने दिलेला नसेल, तो गुणदोषांवर दिलेला नसेल, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल चुकीची समजूत धरून किंवा लागू असलेला भारतीय कायदा नाकारून दिलेला असेल, नैसर्गिक न्यायाला सोडून असेल, फसवणुकीने मिळवलेला असेल, किंवा भारतातल्या कायद्याच्या भंगावर उभ्या राहिलेल्या मागणीला उचलून धरत असेल, तर तो इथे चालत नाही. व्यापारी प्रकरणांत भांडण बहुतेक वेळा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अपवादावर होते. बाकीचे अर्जात लिहिले जातात, पण युक्तिवादात टिकतात असे क्वचितच.

पहिल्या अपवादातला 'सक्षम' हा शब्द फसवा आहे. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे तिथल्या न्यायालयाला अधिकार होता का, एवढे पाहून भागत नाही. भारतीय न्यायालय विचारते की जो माणूस तिथे राहत नाही, त्याने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता का. याचे मूळ प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या १८९४ च्या एका निर्णयात आहे. फरीदकोटच्या राजाने आपल्या जुन्या खजिनदाराविरुद्ध स्वतःच्या संस्थानातल्या न्यायालयात एकतर्फी हुकूमनामे मिळवले. खजिनदार तोवर नोकरी सोडून फरीदकोटच्या बाहेर गेला होता. पैशाच्या दाव्यात, जो प्रतिवादी त्या प्रदेशात नाही आणि ज्याने अधिकार मान्यही केलेला नाही, त्याच्याविरुद्धचा असा हुकूमनामा बाहेर निरर्थक आहे, असे ठरले. करार तिथे झाला होता किंवा तिथे मोडला गेला, एवढ्याने अधिकार येत नाही. आजही पुण्याचा प्रतिवादी पहिला बचाव हाच घेतो.

म्हणून न्यायालय निवडणारे ते दुसरे वाक्य मोलाचे ठरते. 'फक्त इंग्लंडच्या न्यायालयांत' अशा करारावर सही करणाऱ्याने आधीच त्या अधिकाराला मान्यता दिलेली असते. इथे एक शंका नेहमी येते. देशांतर्गत करारांत, ज्या न्यायालयाला मुळातच अधिकार नाही त्याला पक्षकार आपसांत तो देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने हाकम सिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या निर्णयात सांगितले आहे. मग लंडनशी काही संबंध नसलेल्या दोन पक्षांनी लंडन निवडले तर? २००३ च्या मोदी एंटरटेनमेंट निर्णयाने हे मोकळे केले. तटस्थ परदेशी न्यायालय निवडता येते, आणि भारतीय न्यायालय सहसा त्या निवडीत हात घालत नाही. निवड मोडायची असेल तर ती का मोडावी, हे मोडणाऱ्याने दाखवायचे.

बिलावरच्या 'पुणे न्यायक्षेत्र' या ओळीचे काय? तिचे वजन सही केलेल्या करारापुढे कमी पडते. बिल एका बाजूने नंतर पाठवलेले असते, आणि आपल्या करारात 'या अटी इतर कागदांवरील छापील अटींना वरचढ राहतील' असे कलम होते. ते कलम नसते आणि व्यवहार फक्त खरेदी आदेश आणि बिलांवर चालला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. खरेदी आदेशाच्या मागे बारीक अक्षरात लंडन, बिलाच्या खाली पुणे, आणि दोन्हींवर समोरच्याची सही नाही. अशा प्रकरणात लंडनला जाण्याआधी दहादा विचार करावा, कारण निवाडा मिळाला तरी पहिल्या अपवादाच्या फाटकावर तो अडू शकतो.

भोसरीच्या पुरवठादाराने आणखी एक हालचाल केली. खरेदीदाराच्या वकिलाची नोटीस येताच त्याने पुण्यात दावा टाकला की आपण काही देणे लागत नाही असे जाहीर व्हावे. संहितेच्या कलम १० च्या स्पष्टीकरणाप्रमाणे परदेशात दावा चालू आहे एवढ्या कारणाने भारतातला दावा थांबत नाही, त्यामुळे असा दावा नोंदवला जातो. पण करारातले 'फक्त' दाखवल्यावर तो फार पुढे सरकत नाही, आणि तेवढ्यात इंग्लंडचे न्यायालय पुरवठादाराला इथला दावा चालवण्यापासून मनाई करू शकते. वेळ मात्र जातो. बरेचदा हेतूही तेवढाच असतो.

आता समन्स. इंग्लंडच्या नियमांत २०२१ पासून सोय आहे की करारात तिथले न्यायालय निवडलेले असेल तर देशाबाहेर बजावणी करायला वेगळी परवानगी लागत नाही. परवानगी लागत नाही म्हणजे पद्धत कोणतीही चालते, असा अर्थ काढला जातो आणि तिथून दुसरी चूक सुरू होते. खरेदीदाराच्या लंडनच्या वकिलांनी कागद कुरिअरने थेट भोसरीला पाठवले. कंपनीच्या सुरक्षारक्षकाने पाकीट घेतले, सही केली, पावती परत गेली. लंडनमध्ये सगळे समाधानी.

भारत बजावणीच्या हेग कराराचा सदस्य आहे. तो आपल्यासाठी १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे, आणि त्यात सामील होताना भारताने टपालाने किंवा इतर थेट मार्गाने होणाऱ्या बजावणीला हरकत नोंदवली आहे. म्हणजे इंग्लंडचे न्यायालयीन कागद भारतात पोचवायचा सरळ रस्ता एकच: तिथल्या न्यायालयाच्या परदेशी बजावणी विभागाकडून दिल्लीत विधी मंत्रालयातल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, तिथून संबंधित जिल्हा न्यायालयाकडे, आणि शेवटी बेलिफाच्या हाताने कारखान्याच्या दारात. बजावणी झाल्याचे प्रमाणपत्र याच वाटेने उलट जाते. याला महिने लागतात, कधी वर्षही.

इथे तारखांकडे लक्ष हवे. देशाबाहेर बजावायच्या इंग्लिश दाव्याच्या अर्जाची मुदत काढल्यापासून ६ महिने असते. कुरिअरच्या पावतीवर विसंबून चार महिने गेले, मग कोणीतरी हेग कराराची आठवण काढली, आणि कागद दिल्लीत असतानाच मुदत संपत आली. मुदत संपण्याआधी वाढ मागितली तर ती मिळण्याची वाट असते, नंतर मागितली तर ती फार अरुंद होते. आपल्या प्रकरणात पाचव्या महिन्यात अर्ज केला आणि मुदत वाढली. बेलिफ भोसरीला पोहोचला तेव्हा दावा काढून अकरा महिने झाले होते.

हे सगळे टाळता आले असते. करारात पुरवठादाराने लंडनमध्ये समन्स घेणारा एजंट नेमल्याचे कलम घातले असते, तर बजावणी इंग्लंडच्या हद्दीतच झाली असती आणि हेग कराराचा प्रश्नच आला नसता. एजंटाची वर्षाची फी तुलनेने किरकोळ असते. कलम मात्र असे हवे की एजंट बदलला किंवा बंद पडला तर नवा नेमण्याची जबाबदारी पुरवठादाराची, आणि त्याने नेमला नाही तर खरेदीदार नेमू शकतो. हा शेवटचा भाग नसेल तर एजंटाचे पैसे थकले की कलम कागदावरच राहते.

बजावणी झाली, पुरवठादार हजर झाला नाही. त्याच्या सल्लागाराने सांगितले होते, 'जाऊ नका, एकतर्फी निवाडा होऊ दे, तो इथे चालत नाही.' सल्ला पूर्ण चुकीचा नाही. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल हा निर्णय आहे. तिथे इंग्लंडमधला एकतर्फी हुकूमनामा इथे अमलात आणायचा होता. परदेशी न्यायालयाने कागद आणि पुरावा पाहून मागणीच्या खरेपणाचा विचार केला, असे हुकूमनाम्यावरून दिसत नव्हते. प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला असा हुकूमनामा गुणदोषांवर दिलेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निर्णयात दुसरी बाजूही आहे आणि ती लोक वाचत नाहीत: निवाडा एकतर्फी आहे एवढ्याने तो गुणदोषांवर नाही असे होत नाही. पुरावा घेतला असेल, थोडक्यात का होईना कारणे दिली असतील, तर तो गुणदोषांवरचाच निवाडा.

म्हणजे सगळे त्या लंडनच्या एका दिवसावर येऊन थांबते, ज्या दिवशी वादीचा वकील ठरवतो की कोणता अर्ज करायचा. सोपा रस्ता म्हणजे हजर न झाल्याबद्दलचा निवाडा. मुदत संपली, कोणी आले नाही, घ्या. तो लवकर मिळतो, स्वस्त पडतो, आणि मालमत्ता इंग्लंडमध्ये असेल तर पुरेसाही असतो. मालमत्ता भोसरीत असेल तर हा रस्ता खड्ड्यात नेतो.

दुसरा रस्ता म्हणजे संक्षिप्त निवाड्याचा अर्ज, म्हणजे प्रतिवादीच्या बचावात यशाची खरी शक्यता नाही असे पुराव्याने दाखवून मागितलेला निवाडा. प्रतिवादीने हजेरीच नोंदवली नसेल तर या अर्जासाठी न्यायालयाची आधी परवानगी लागते, आणि ती का हवी हे सांगावे लागते. इथे खरे कारण सांगावे: प्रतिवादीची मालमत्ता भारतात आहे, आणि तिथे कारणांशिवायचा निवाडा अडवला जाऊ शकतो. परदेशात अंमलबजावणीची ही अडचण इंग्लिश न्यायाधीशांना परिचित आहे आणि या कारणासाठी परवानगी दिली गेलेली आहे.

आपल्या खरेदीदाराने हेच केले. साक्षीपत्रासोबत करार, तीन खेपांचे तपासणी अहवाल, नापास केल्याची पत्रे, पुरवठादाराची उत्तरे आणि बँकेच्या हस्तांतरणाच्या नोंदी जोडल्या. पुरवठादाराने पत्रांतून घेतलेला 'तपासणी चुकीची' हा बचावही वादीच्याच वकिलाने न्यायाधीशांपुढे ठेवला. एकतर्फी सुनावणीत हे वकिलाचे कर्तव्य असते, पण त्याचा पुण्यातला फायदा वेगळा आहे: न्यायाधीशांनी तो बचाव वाचला आणि का नाकारला ते लिहिले. निवाडा जेमतेम अकरा परिच्छेदांचा निघाला. तेवढे पुरते.

आणखी एक गोष्ट लंडनमध्येच बघायची असते, आणि ती छोट्या रकमांच्या प्रकरणांत हमखास चुकते. भारताने ज्या देशांना परस्पर मान्यतेचे प्रदेश म्हणून अधिसूचित केले आहे, तिथल्या फक्त वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे संहितेच्या कलम ४४अ खाली थेट दरखास्तीला, म्हणजे इथल्या वसुलीच्या अर्जाला, येतात. युनायटेड किंग्डमची अधिसूचना १९५३ ची आहे, आणि तिच्यात इंग्लंडचे हायकोर्ट आहे, काउंटी कोर्ट नाही. इंग्लंडमध्ये १ लाख पौंडांपर्यंतचा पैशाचा दावा साधारणपणे हायकोर्टात सुरू करता येत नाही. तो व्यापारी न्यायालयासारख्या विशेष यादीत बसवता आला तर गोष्ट वेगळी. एखादा ८० हजार पौंडांचा दावा सवयीने काउंटी कोर्टात गेला, जिंकला, आणि पुण्यात आल्यावर कळले की कलम ४४अ चे दार त्याला बंद आहे. मग उरतो तो त्या निवाड्याच्या आधारे भारतात नवा दावा, निवाड्याच्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत, मागणीच्या रकमेवर कोर्ट फी भरून. अमेरिकेच्या किंवा जर्मनीच्या निवाड्यांना हीच वाट आहे, कारण ते देश अधिसूचित नाहीत. सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड अधिसूचित आहेत. संयुक्त अरब अमिराती जानेवारी २०२० मध्ये आले, आणि त्यामुळे दुबईच्या व्यवहारांचा हिशोब बदलला.

आपला निवाडा असा होता: मूळ रक्कम २,४०,००० पौंड, निवाड्यापर्यंतचे व्याज २१,००० आणि खर्च ३५,०००. एकूण २,९६,००० पौंड. त्यावर इंग्लंडच्या १८३८ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ८ टक्के व्याज चढते, म्हणजे वर्षाला २३,६८० आणि दिवसाला साधारण ६५ पौंड. निवाड्यात व्याजाचे वाक्य स्पष्ट घालून घेतलेले बरे. इथला ऋणको 'हुकूमनाम्यात नाही ते मागता' असे म्हणतोच.

खर्चाच्या ३५,००० बद्दलही भांडण होते, आणि त्यावरचा निर्णय नाशिकचा आहे. अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध सेलेम या प्रकरणात नाशिकच्या कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयाच्या अधिकाराला तिथेच आव्हान दिले, ते फेटाळले गेले आणि खर्च लादला गेला. तो खर्च वसूल करायला नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त आली. खर्चाचा आदेश म्हणजे हुकूमनामा नाही आणि तो गुणदोषांवर नाही, असा कंपनीचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालय आणि डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालय, दोघांनीही तो मान्य केला नाही. कलम ४४अ कर आणि दंड वगळते, खर्च वगळत नाही. तेव्हापासून खर्चाची रक्कम दरखास्तीत बिनधास्त धरावी.

आता पुणे. दाखल करायला तीन कागद लागतात आणि तिन्ही लंडनहून आणायचे असतात. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. त्याच न्यायालयाचे प्रमाणपत्र, की हुकूमनाम्यापैकी किती रक्कम फिटली आणि किती बाकी आहे. आणि इथल्या प्रतिनिधीच्या नावाचे मुखत्यारपत्र, नोटरी आणि अपोस्टिलसह, म्हणजे ते खरे असल्याच्या तिकडच्या सरकारी प्रमाणपत्रासह. प्रमाणित प्रतीसाठी लंडनमध्ये वेगळा अर्ज करावा लागतो, साक्षीपत्रासह. त्यात बजावणी कधी आणि कशी झाली, प्रतिवादीने अधिकाराला हरकत घेतली का, अपिलाची मुदत संपली का, हे लिहायचे असते. हे साक्षीपत्र घाईत लिहू नये. पुण्यात प्रतिवादीचा वकील त्यातल्याच एखाद्या वाक्यावर बोट ठेवतो. आपल्या प्रकरणात पहिल्या मसुद्यात बजावणीची तारीख कुरिअरची होती. ती तशीच राहिली असती तर बेलिफाने केलेली खरी बजावणी कागदावर आलीच नसती. मुखत्यारपत्रावर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ते पाकीट फाइलमध्ये पडून राहते आणि तारखेच्या आदल्या दिवशी आठवते, हे नेहमीचे.

दरखास्त जिल्हा न्यायालयात आदेश २१ नियम ११ च्या नमुन्यात जाते. रकाने साधे दिसतात, पण मदत कशी हवी हा रकाना विचार करून भरावा. बँक खाती, कारखान्याची जमीन आणि इमारत, यंत्रे, आणि ऋणकोला त्याच्या ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, यांची माहिती आधीच काढलेली असावी. कंपनीच्या मालमत्तेवरच्या बोज्यांची नोंद कंपनी निबंधकाकडे मिळते. त्यावरून कळते की यंत्रे बँकेकडे तारण आहेत आणि त्यांच्या जप्तीतून हाती काही येणार नाही. जमीन बहुधा औद्योगिक महामंडळाच्या भाडेपट्ट्यावर असते, तिच्या विक्रीला महामंडळाच्या अटी आड येतात. शेवटी मोकळी आणि चटकन पकडता येण्यासारखी गोष्ट म्हणजे मोठ्या ग्राहकाकडचे येणे. ते थांबवले की ऋणकोचा वकील तडजोडीची भाषा बोलू लागतो.

साध्या दरखास्तीत काही वेळा नोटिशीशिवाय जप्ती मागता येते. कलम ४४अ च्या दरखास्तीत साधारणपणे नियम २२ ची नोटीस लागते. म्हणजे ऋणकोला आधी कळते, आणि मालमत्ता हलवायला वेळ मिळतो. म्हणून पहिल्याच दिवशी मालमत्ता शपथपत्रावर सांगण्याचा आणि ती विकू किंवा हलवू नये असा आदेश मिळवण्याचा अर्ज सोबत ठेवावा.

नोटिशीनंतर हरकतींचा अर्ज येतो, दरखास्तीतले वाद त्याच न्यायालयाने ठरवावेत असे सांगणाऱ्या कलम ४७ सोबत कलम १३. आपल्या प्रकरणात चार हरकती आल्या. बिलावर पुणे लिहिले आहे, म्हणून लंडनला अधिकार नाही. निवाडा एकतर्फी आहे. कुरिअरची बजावणी बेकायदा आहे. आणि माल बरोबर होता. शेवटची हरकत तर लगेच बाजूला ठेवता येते, कारण दरखास्तीचे न्यायालय माल पुन्हा तपासत नाही. पहिलीला करारातले वरचढ अटींचे कलम उत्तर देते. तिसरीला बेलिफाचा अहवाल आणि केंद्रीय प्राधिकरणाचे प्रमाणपत्र. ते आले नसते तर हीच हरकत सर्वांत जड गेली असती. दुसरीला अकरा परिच्छेदांचा निवाडा. कलम १४ प्रमाणे प्रमाणित प्रत हजर केली की न्यायालय सक्षम होते असे गृहीत धरले जाते, पण गुणदोषांच्या प्रश्नावर त्या गृहीतकाची मदत होत नाही, तिथे निवाडाच वाचून दाखवावा लागतो. म्हणून तो वाचून दाखवण्यासारखा असावा लागतो.

मुदतीचा प्रश्न वेगळा बघावा. २०२० च्या बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा या निर्णयानुसार परदेशी हुकूमनामा किती काळ जिवंत, हे तो जिथे झाला त्या देशाच्या कायद्याने ठरते. त्या प्रकरणात १९९५ चा लंडनचा हुकूमनामा २००९ मध्ये बेंगळुरूला आला आणि मुदतबाह्य ठरला, कारण इंग्लंडची मुदत ६ वर्षांची धरली गेली. भारतीय हुकूमनाम्याची १२ वर्षे मनात धरून बसलेल्यांना हा धक्का होता. त्याच निर्णयात इथल्या अर्जासाठी ३ वर्षांचा हिशोबही येतो. तिकडे आधी वसुलीचा प्रयत्न केला असेल, तर तो संपल्यापासून. आपण तर निवाड्यानंतर ३ वर्षांच्या आतच दाखल करावे, मग हा वादच उरत नाही.

हरकती फेटाळल्या गेल्या की ऋणको उच्च न्यायालयात जातो. तिथे स्थगिती मागितली जाते तेव्हा रक्कम, किंवा तिचा मोठा भाग, जमा करण्याची अट घालून घ्यावी. दरखास्ती ६ महिन्यांत निकाली काढाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह निर्णयात म्हटले आहे. तारखा मागणाऱ्यासमोर त्याची प्रत ठेवता येते, पण वेळापत्रक त्याच्यावर बेतू नये.

शेवटी रुपयांचा प्रश्न. निवाड्यानंतर १४ महिन्यांनी व्याजासह रक्कम साधारण ३,२३,६०० पौंड झाली. पौंडाचा भाव एका रुपयाने हलला की सव्वातीन लाखांचा फरक पडतो, म्हणून कोणत्या तारखेचा भाव, यावर शेवटचे भांडण होते. परदेशी लवाद निवाड्यांबाबत २०२४ च्या डीएलएफ विरुद्ध कोंचार निर्णयाने, ज्या दिवशी हरकती संपून निवाडा अमलात आणण्याजोगा होतो त्या दिवसाचा भाव घ्यायला सांगितले, आणि मध्येच जमा केलेल्या रकमेला जमा केल्याच्या दिवसाचा. कलम ४४अ च्या हुकूमनाम्याला तोच नियम लावण्याचा युक्तिवाद करता येतो. दरखास्तीत मागणी पौंडांतच लिहावी आणि रुपयांतला आकडा 'दाखल तारखेच्या भावाने' असे म्हणून शेजारी द्यावा. सुरुवातीलाच रुपयांत आकडा लिहून बसले की पुढे पौंड चढला तर तो फरक मागायला तोंड राहत नाही.

पैसे न्यायालयात जमा झाले की नाझरकडून, म्हणजे न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, ते काढायचे आणि लंडनला पाठवायचे. खरेदीदाराचे भारतात खाते नसते. बँक न्यायालयाचा आदेश, प्रमाणित हुकूमनामा, मूळ करार आणि करासंबंधी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागते. व्याजाच्या भागावर करकपात लागते का, हा प्रश्न बँक नाझरच्या खिडकीनंतर विचारते. तो दरखास्त दाखल करतानाच सनदी लेखापालाला विचारून ठेवावा, नाहीतर दोन देशांतला वाद संपल्यावरही पैसे शिवाजीनगरच्या खात्यात काही आठवडे पडून राहतात.